डबा चांगला, तरी मेंबर का सुटतात?

प्रश्न : आम्ही दोघी जावा दीड वर्षापासून पुण्यात महिन्याच्या हिशेबाने दुपारच्या जेवणाचे डबे देतो. सध्या सव्वाशेच्या आसपास मेंबर आहेत. आमच्या पत्रकावर 'घरच्यासारखं जेवण, गरम आणि वेळेवर' असं लिहिलं आहे आणि आम्ही ते मनापासून पाळतो. स्वयंपाक मी बघते. फोन, यादी आणि हिशेब जाऊबाई बघतात. डबे पोहोचवायला दोन मुलं आहेत. आदल्या रात्री दहापर्यंत व्हॉट्सॲपवर कळवलं तर खाडा धरतो. जेवणाबद्दल तक्रार क्वचितच येते, तरी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थांबतात. विचारलं तर 'सध्या नको, नंतर सांगतो' एवढंच म्हणतात. माझा भाचा मार्केटिंग शिकतो. तो म्हणाला, 'मावशी, सगळे टचपॉइंट कागदावर काढ, म्हणजे तुमचं वचन कुठे मोडतं ते दिसेल.' हे काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्याएवढ्या धंद्याला त्याचा उपयोग आहे का? आणि दर महिन्याला पैशांची आठवण करावी लागू नये म्हणून ऑटोपे सुरू करावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाच्याने योग्य ठिकाणी बोट ठेवलं आहे. उपयोग तर आहेच. उलट मोठ्या कंपनीपेक्षा तुम्हाला तो लवकर होईल, कारण तुमचं सगळं काम एका ओट्यापासून शंभर-सव्वाशे दारांपर्यंत डोळ्यांनी बघता येतं.

टचपॉइंट म्हणजे मेंबरचा तुमच्याशी जिथे जिथे संबंध येतो ती प्रत्येक जागा. त्यात माणसं येतात, तशा वस्तू आणि निरोपही येतात. डबा घेऊन आलेला मुलगा हा टचपॉइंट आहे, तसंच डब्याचं झाकण, 'पैसे मिळाले' असा मेसेज, सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलावर पडून राहिलेली पिशवी आणि रिकामा डबा परत देण्याची वेळ, हेही आहेत. १९८०च्या दशकात यान कार्लझन यांनी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स या तोट्यातल्या विमान कंपनीची सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्यांनी असाच हिशेब मांडला होता. वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ सरासरी पाच कर्मचाऱ्यांशी आणि दर वेळी साधारण पंधरा सेकंद. प्रवाशाच्या मनातली कंपनी या पंधरा-पंधरा सेकंदांत घडते, विमानाच्या बनावटीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमचाही हिशेब करून बघा. सव्वाशे मेंबर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर सव्वातीन हजार डबे होतात. डबा हातात येणं, झाकण उघडणं आणि रिकामा डबा परत जाणं एवढेच तीन प्रसंग मोजले तरी आकडा दहा हजारांजवळ जातो. यातले बहुतेक प्रसंग तुम्ही दोघी समोर नसताना घडतात.

मात्र नुसती टचपॉइंटची यादी केली तर हाती फारसं लागणार नाही. पुष्कळ ठिकाणी इथेच चूक होते. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागतात, प्रत्येकीवर 'चांगली सेवा द्या' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं जातं आणि दुसऱ्या दिवशी काम पहिल्यासारखंच चालू राहतं. नकाशा उपयोगी व्हायचा तर त्याला दोन गोष्टी लागतात. एक, वचनाचे तपासता येतील असे तुकडे. दोन, मेंबरला दिसतं त्याच्यामागे काय चालतं ते.

आधी वचन घेऊ. 'वेळेवर' म्हणजे किती वाजता? साडेबाराला डबा आला तर वेळेवर, की एकच्या आत आला तरी वेळेवर? हे तुम्ही दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग पोहोचवणाऱ्या दोन्ही मुलांना विचारा. चौघांची उत्तरं एकच निघाली नाहीत, तर पहिली फट तिथेच सापडली. 'गरम' म्हणजे ओट्यावरून निघताना गरम, की झाकण उघडताना गरम? मेंबर दुसरा अर्थ घेतो, स्वयंपाकघर पहिला घेतं. आणि 'घरच्यासारखं' हे तर सगळ्यांत अवघड वचन आहे. तुम्ही ते चवीबद्दल दिलं आहे : बेताचं तेल, रोजची भाजी, मऊ पोळी. घेणारा त्यात आणखी एक गोष्ट ऐकतो. घरात एकदा सांगितलं की मला वांगं चालत नाही, तर ते पुन्हा सांगावं लागत नाही. परवा मी गावी जाणार आहे हे घरात माहीत असतं. म्हणून 'घरच्यासारखं' याचा तपासता येणारा तुकडा असा लिहा : मेंबरने एकदा सांगितलेली गोष्ट त्याला दुसऱ्यांदा सांगावी लागणार नाही. माझा अंदाज असा आहे की तुमचं वचन ओट्यावर मोडत नाही, या वाक्यावर मोडतं. तो अंदाज खरा की खोटा, हे कसं पाहायचं ते आता सांगतो.

पडद्यामागचं काम कागदावर आणण्याची रीत बँकेत काम केलेल्या जी. लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या एका लेखात मांडली. त्यांनी उदाहरण घेतलं होतं रस्त्याच्या कोपऱ्यावर बूटपॉलिश करणाऱ्याचं. गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या पायऱ्या वर, त्याला न दिसणारी कामं खाली आणि मध्ये एक आडवी रेघ. चूक कुठे होऊ शकते तेही त्याच चित्रात खूण करून दाखवायचं, जसं भलत्याच रंगाचं पॉलिश लागणं. ही रेघ फार उपयोगाची आहे. चूक मेंबरला रेघेच्या वर दिसते, पण ती बहुतेक वेळा रेघेच्या खाली जन्मलेली असते.

तुम्ही एक मोठा कागद घ्या. कॅलेंडरची पाठकोरी पानं चिकटवलीत तरी चालेल. आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने चार ओळी. पहिल्या ओळीत मेंबर काय करतो, दुसरीत त्याला तुमच्याकडून काय दिसतं किंवा मिळतं, तिसरीत रेघेखाली कोण काय करतं आणि चौथीत हे सगळं आपल्याला कशावरून कळलं. ही चौथी ओळ बहुतेक लोक वगळतात आणि तिच्याशिवाय नकाशा कल्पनेचा होतो. 'आपण असं करतो' म्हणून लिहू नका. एक खरा मेंबर घ्या, गेल्या महिन्यातला एक खरा आठवडा घ्या आणि जे घडलं तेच लिहा. पुरावा तुमच्याकडे आहे. व्हॉट्सॲपवर तर प्रत्येक निरोपाची वेळ मिनिटांसकट पडलेली असते.

सगळा महिना एकदम काढू नका. माझा आग्रह असा की सुरुवात खाड्यापासून करा. रोजचा डबा तुमच्या हाताला बसलेला आहे. खाडा हा रोजच्यातला बदल आहे आणि बदल सांगणारा निरोप एकाच वेळी फोन, यादी, ओटा, पोहोचवणारा आणि हिशेब या सगळ्यांतून जातो. दुसरा कुठलाच टचपॉइंट इतक्या हातांतून जात नाही.

एक प्रसंग पायरी पायरीने बघू. एक मेंबर गुरुवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी लिहितो, 'उद्या आणि परवा गावाला आहे, डबा नको. सोमवारपासून भात कमी आणि एक पोळी जास्त चालेल का?' तुमच्या नियमाप्रमाणे दहा वाजायचे आहेत, म्हणजे त्याने वेळेत कळवलं आहे. आता रेघेखाली जा. उद्याची यादी जाऊबाई कधी काढतात? तुमच्यासारख्या बऱ्याच ठिकाणी ती आठच्या सुमारास निघते, कडधान्य भिजत घालताना किंवा भाजीवाल्याला वजन सांगताना, कारण तेव्हा आकडा लागतोच. म्हणजे आठ ते दहा या दोन तासांत आलेले निरोप यादी निघून गेल्यावर येतात. त्यांना धड जागा नाही. ते फोनमध्ये राहतात आणि सकाळी कोणाच्या तरी लक्षात असतील तर यादीवर काट मारली जाते.

यादी तरी एकच असते का? डबे भरण्याच्या टेबलावर एक आणि पोहोचवणाऱ्या मुलाकडे एक अशा किमान दोन असतात. समजा सकाळी काट टेबलावरच्या यादीवर मारली गेली, पण मुलाच्या यादीवर राहून गेली. तो त्या सोसायटीपाशी पोहोचतो आणि त्याच्या हिशेबाने एक डबा कमी भरतो. तो फोन करतो, फोन लागत नाही, कारण त्या वेळी फोनवर दुसरं कोणी असतं. मग तो पुढच्या मेंबरचा डबा इथे देतो आणि पुढच्यासाठी परत फेरी मारतो. ज्याचा खाडा होता त्याच्या बंद दाराला डबा लटकतो आणि ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता त्याचा डबा पाऊण तास उशिरा जातो. त्या दुसऱ्या मेंबरने तक्रार केली तर तुमच्या वहीत 'उशीर झाला' असं लिहिलं जाईल. उशिराचं मूळ आदल्या रात्रीच्या एका निरोपात होतं हे नकाशा काढल्याशिवाय कळणार नाही.

पुढे शनिवार. शुक्रवारच्या यादीवर काट होती, पण शनिवारची यादी कशावरून उतरवली? मूळ यादीवरून. म्हणजे शनिवारी पुन्हा डबा जातो. मेंबर रविवारी रात्री परत येतो तेव्हा दाराला दोन दिवसांचं आंबलेलं अन्न लटकलेलं असतं आणि शेजाऱ्यांनी वासाबद्दल काही म्हटलेलं असतं. सोमवारी डबा येतो, त्यात भात नेहमीएवढाच आणि पोळ्याही तेवढ्याच. त्या निरोपाचा दुसरा अर्धा भाग कोणत्याच कागदावर चढला नाही, कारण तो खाड्याच्या वाक्याला जोडून आला होता आणि वाचणाऱ्याचं लक्ष फक्त तारखांवर होतं. महिनाअखेरीला हिशेबाच्या वहीत शून्य किंवा एक खाडा निघतो. मेंबर म्हणतो दोन. मग तो फोनमधला जुना मेसेज शोधून त्याचा फोटो पाठवतो आणि तुम्ही लगेच पैसे वळते करता.

आता वरच्या ओळीत, म्हणजे मेंबरच्या बाजूने बघा. पैसे मिळाले, त्यामुळे तुमच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. त्याच्या दृष्टीने काय झालं? त्याला स्वतःचं खरेपण सिद्ध करावं लागलं. भाताचं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. वाया गेलेल्या अन्नापेक्षा आणि शे-दोनशे रुपयांपेक्षा हे जास्त लागतं, आणि ही गोष्ट तक्रार म्हणून बोलून दाखवावी इतकी मोठीही नसते. म्हणून पुढच्या महिन्यात पैसे भरायची वेळ आली की तो 'सध्या नको' म्हणतो. जेवणाबद्दल विचाराल तर तो खरंच म्हणेल की जेवण उत्तम होतं.

एका निरोपाला पाच ठिकाणी पोहोचावं लागलं : फोन, मूळ यादी, टेबलावरची यादी, मुलाची यादी आणि हिशेबाची वही. प्रत्येक ठिकाणी तो कोणीतरी आठवणीने उतरवला. नकाशावर या पाच जागांना लाल खूण करा. तुमचं वचन मोडण्याच्या जागा याच आहेत आणि यातली एकही ओट्यावर नाही.

उपाय शोधताना जाऊबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आधी दहाचा नियम आणि आठची यादी यांचं भांडण सोडवा. त्यासाठी ओट्यापाशी बसून एकच प्रश्न विचारा : रात्री आठला नेमकं काय ठरतं? ठरतं ते वजन. मटकी किती भिजवायची, भेंडी किती किलो सांगायची. सव्वाशे माणसांत चार-पाच खाडे कमी-जास्त झाले तर त्या वजनात फारसा फरक पडत नाही. तेवढा अंदाज तुम्ही तसाही धरता. नावं कधी ठरतात? सकाळी पोळ्या लाटून झाल्यावर, डबे भरताना. म्हणजे तुमच्याकडे दोन घड्याळं आहेत, एक अंदाजाचं आणि एक नावांचं. गोंधळ एवढाच झाला की नावांची यादी अंदाजाच्या वेळेला निघते आणि मेंबरला सांगितलेली वेळ या दोन्हींशी जुळत नाही.

म्हणून रात्री आठला फक्त आकडा काढा, 'साधारण १२०'. नावांची यादी सकाळी सहाला, एकदाच, फोन समोर ठेवून काढा. मग तुम्ही मेंबरला 'सकाळी सहापर्यंत कळवा' असंही सांगू शकता, आणि रात्री अकराला अचानक गावी जावं लागलेल्या माणसाला याचं मोल फार वाटेल. याची किंमतही लक्षात घ्या. कोणालातरी पहाटे उठून हे काम करावं लागेल आणि मुलांचा रस्ता रोज सकाळी थोडा बदलेल. हे जमणार नसेल तर पत्रकावर दहाऐवजी आठ लिहा. कडक नियम लोक सहन करतात. नियम पाळूनही खाडा न धरला जाणं सहन करत नाहीत.

दुसरी गोष्ट, निरोप माणसाच्या लक्षात ठेवण्याऐवजी डब्यावर ठेवा. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालत आलं आहे आणि त्यांच्या डब्याच्या झाकणावर रंगात लिहिलेली अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा हे त्यांतूनच कळतं. वाटेत डबा अनेकांच्या हातांतून जातो, पण कोणाला यादी बघावी लागत नाही. त्यांच्याकडे माणसाच्या घरचंच जेवण असतं, तुमचा धंदा वेगळा आहे, तरी ही युक्ती तुम्हाला जशीच्या तशी घेता येईल. प्रत्येक मेंबरच्या डब्याला कायमची एक पट्टी लावा : इमारत, मजला, 'भात कमी, पोळ्या ४, वांगं नाही'. भरणारीच्या डोळ्यांसमोर सूचना आपोआप येईल. खाडा असेल त्या दिवशी तो डबा फळीवरच राहील, म्हणजे मुलाच्या हातात जादा डबा पडणार नाही आणि त्याला स्वतंत्र यादीची गरजही उरणार नाही. प्रत्येक मेंबरचे दोन डबे फिरत असतील, एक जाणारा आणि एक येणारा, तर दोन्हींवर पट्टी हवी आणि सूचना बदलली की दोन्हींवरची बदलायला हवी. पहिल्या महिन्यात इथेच चुकायला होईल, हे धरून चाला.

तिसरी गोष्ट म्हणजे उत्तर. अंगठ्याच्या चित्राने मेंबरला काहीच कळत नाही. असं लिहा : 'शुक्रवार-शनिवार खाडा धरला. सोमवारी डबा येईल, भात कमी, पोळ्या ४. तुमचे ११ डबे शिल्लक.' हे लिहिताना जाऊबाईंना वही उघडावीच लागेल, म्हणजे हिशेब त्याच क्षणी नोंदला जाईल आणि चूक असेल तर मेंबर तिथल्या तिथे सांगेल. 'डबे शिल्लक' या पद्धतीत महिनाअखेरचं भांडण मुळातच राहत नाही.

'गरम'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती फट वेगळ्या प्रकारची आहे. स्वयंपाकघरात खुपसून बघायचा तापमापक मिळतो, तो आणा. भाजीचं तापमान झाकण लावताना घ्या आणि सर्वांत शेवटच्या मेंबरच्या दारात घ्या. त्यासाठी एकीने दोन-तीन दिवस मुलाबरोबर जायला हवं. अन्नसुरक्षेच्या नियमांत गरम ठेवायचं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायला सांगितलं आहे. साध्या स्टीलच्या डब्यात, पिशवीला अस्तर नसताना, तासाभराच्या फेरीनंतर ते तेवढं राहणं कठीण आहे. आणि मेंबर ऑफिसात असेल तर डबा साडेबाराला येतो आणि दीडला उघडतो. तो एक तास तुमच्या हातात नाही. म्हणून अस्तराच्या पेट्या घ्या, लांबची फेरी उलट्या दिशेने करून बघा आणि तरीही आकडा खाली येत असेल तर वचनच बदला. 'गरम' याऐवजी 'साडेबाराच्या आत, सकाळी केलेलं ताजं' हे वचन तुम्ही रोज पाळू शकता. पोळ्यांचं एक लक्षात ठेवा. तव्यावरून थेट डब्यात गेल्या तर वाफेने ओल्या होतात आणि मेंबरला त्या शिळ्या वाटतात, म्हणजे उष्णता सांभाळण्याच्या नादात ताजेपणाचं वचन मोडतं. वाफ जाऊ देऊन, कापडात किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळून भरलेली कोमट पोळी जास्त 'घरची' लागते.

आता माझा खाड्याबद्दलचा अंदाज तपासायचा कसा? गेल्या तीन-चार महिन्यांतले मेंबर वहीतून काढा आणि प्रत्येकापुढे दोन खुणा करा : खाडे घेतले का आणि पुढच्या महिन्यात राहिला का. इथे एक सावधगिरी हवी. खाडे जास्त घेणारे जास्त सुटतात असं दिसलं, तर त्यावरून तुमची चूक सिद्ध होत नाही. सारखा फिरतीवर असणारा माणूस तसाही डबा बंद करेल. म्हणून खाडे घेणाऱ्यांचेच दोन गट करा. ज्यांचा खाडा बिनबोभाट धरला गेला ते एकीकडे, आणि ज्यांचा निरोप चुकला, दुसऱ्यांदा सांगावा लागला किंवा पैशांवरून बोलाचाली झाली ते दुसरीकडे. व्हॉट्सॲपच्या जुन्या मेसेजवरून हे कळतं. दुसरा गट उघडपणे जास्त गळत असेल तर अंदाज बरोबर. दोन्ही गट सारखेच गळत असतील तर मी चुकलो, मग नकाशाचा पुढचा भाग काढा. प्रत्येक गटात दहा-पंधराच माणसं असतील, तर दोन-तीनच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका.

परत येणारे डबेही बघा. रिकामा डबा धुण्याआधी त्यात काय उरलंय याची महिनाभर नोंद ठेवा, फक्त मेंबरचं नाव आणि पदार्थ. ज्याच्या डब्यात रोज भात उरतो त्याने भाताबद्दल सांगितलं नसलं तरी त्याला तुम्ही आपण होऊन विचारू शकता. तोंडी तक्रारीत हे कधी येत नाही, कारण अन्न टाकल्याची माणसाला लाज वाटते.

ऑटोपेबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला तशी सूचना जावी लागते आणि त्याला ती परवानगी रद्द करण्याची सोय असावी लागते. म्हणजे ऑटोपे घेतलंत तर तुमच्या नकाशात एक नवा टचपॉइंट येईल, ज्याचा मजकूर तुमचा नसेल. ज्या आठवड्यात खाडा चुकला त्याच आठवड्यात 'उद्या तुमच्या खात्यातून अमुक रुपये जातील' असा कोरडा मेसेज आला, तर तो आठवण करून देईल ती जेवणाची नाही. त्यात महिन्याची रक्कम खाड्यांनुसार बदलते. म्हणून आधी खाड्याची वाट नीट करा, 'डबे शिल्लक' ही पद्धत दोन-तीन महिने चालवून बघा आणि मग ऑटोपे घ्या. घेताना बंद करायची रीतही पहिल्याच दिवशी सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा ऑनलाइन पद्धतींना मनाई केली आहे आणि वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट ठेवणं ही त्यांतलीच एक आहे. तुमचा तसा हेतू नसणार. पण 'बंद करायचं असेल तर जाऊबाईंना फोन करा' आणि फोन दोन दिवस लागत नाही, असं झालं तर मेंबरला तो अडवणुकीचाच प्रकार वाटेल.

राहिला 'नंतर सांगतो' म्हणणारा मेंबर. त्याला 'का बंद केलं?' असं विचारू नका. या प्रश्नाला सभ्य माणूस सभ्य उत्तर देतो. आधी त्याची डब्यांची अनामत आणि उरलेल्या दिवसांचे पैसे त्याने न मागता परत करा आणि मग विचारा, 'शेवटच्या पंधरा दिवसांत आम्हाला काही परत परत सांगावं लागलं का?' जे उत्तर मिळेल ते त्याच्याच शब्दांत नकाशाच्या चौथ्या ओळीत लिहा. तिसरा मुलगा कामाला लागला, नव्या भागात डबे सुरू झाले किंवा दिवाळीत निम्मे मेंबर एकदम खाड्यावर गेले की खाड्याची वाट नव्या कागदावर पुन्हा काढा, कारण तेव्हा निरोप उतरवणारे हात बदललेले असतील.